थीसिस कोण वाचतं, व्हायव्हात कोण विचारतं

पीएच.डी. प्रवेशाचं माहितीपत्रक उघडलं की पहिली काही पानं सोपी जातात. पात्रता, शुल्क, आरक्षण, अर्जाची शेवटची तारीख हे सगळं आपण बारावीपासून वाचत आलेलो असतो. अडखळायला होतं ते संशोधनाच्या नियमांपाशी. तिथे थीसिस, डिझर्टेशन, सिनॉप्सिस, ॲबस्ट्रॅक्ट, व्हायव्हा हे शब्द एकामागून एक येतात आणि अर्जदाराला ते ठाऊकच आहेत असं धरून पुढची वाक्यं लिहिलेली असतात. ज्यांच्या घरात आधी कुणी संशोधन केलेलं नाही, त्या मुलामुलींची इथे फार ओढाताण होते. शब्दकोश पाहून भागत नाही. थीसिस म्हणजे शोधप्रबंध एवढं कळतं. पण तो केवढा असतो, तो कुणापुढे ठेवायचा आणि त्यात काय असलं म्हणजे तो स्वीकारला जातो, हे तिथे सापडत नाही.

हे शब्द उलगडायला माझ्या मते एक प्रश्न पुरतो: हे कोण वाचणार आणि वाचून काय ठरवणार? माहितीपत्रकातल्या प्रत्येक शब्दामागे एक कागद किंवा एक बैठक असते आणि समोर बसलेली ठरावीक माणसं असतात. ती माणसं दिसायला लागली की कागद कसा लिहायचा हेही बरंचसं आपोआप कळतं. एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा, सोलापूरची एक मुलगी आहे. अर्थशास्त्रात एम.ए. झाली आहे. आई घरी विड्या वळते, म्हणजे कारखान्याच्या शाखेतून पान आणि तंबाखू आणायची, घरी विड्या वळायच्या आणि शाखेत नेऊन मोजून द्यायच्या. हजार विड्यांवर मजुरी मिळते. पूर्वी ती हातात रोख यायची, आता बँकेच्या खात्यात जमा होते. या बायकांच्या कमाईवर पीएच.डी. करावी असं मुलीच्या मनात आहे.

सध्या देशातल्या विद्यापीठांची पीएच.डी.ची चौकट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, नोव्हेंबर २०२२च्या नियमावलीवर उभी आहे. विद्यापीठांचे स्वतःचे नियम तिच्यात बसवलेले असतात, म्हणून तपशील थोडे वेगळे दिसतात. या मुलीला एम.ए.ला किमान ५५ टक्के गुण हवेत. राखीव प्रवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि दिव्यांग यांना ५ टक्क्यांची सवलत आहे. प्रवेश परीक्षा झाली की मुलाखत असते, आणि थीसिसचं बीज तिथेच पहिल्यांदा मागितलं जातं. त्याचं नाव सिनॉप्सिस किंवा संशोधन आराखडा.

हा आराखडा वाचतात विभागातले प्राध्यापक. त्यांना दोन गोष्टी ठरवायच्या असतात: हा प्रश्न तीन-चार वर्षांत सुटण्याजोगा आहे का, आणि आमच्याकडे त्याला मार्गदर्शक आहे का. दुसरा मुद्दा अर्जदारांच्या सहसा ध्यानात येत नाही. नियमाप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच पीएच.डी.चे विद्यार्थी घेता येतात. त्यामुळे विषय उत्तम असूनही त्या विषयाच्या मार्गदर्शकाकडे जागा नसेल तर गाडी अडते. माहितीपत्रकात मार्गदर्शकांची आणि रिकाम्या जागांची यादी दिलेली असेल, तर शुल्काचं पान वाचण्याआधी ती वाचावी.

आमच्या मुलीनं पहिल्या खर्ड्यात विषय लिहिला: ‘सोलापूर जिल्ह्यातील विडी कामगार स्त्रियांच्या सामाजिक व आर्थिक स्थितीचा अभ्यास’. असे विषय दरवर्षी शेकड्यांनी येतात. यात क्षेत्र आहे, माणसं आहेत, पण प्रश्न नाही. ‘स्थिती’ कशी आहे याचं उत्तर पानंच्या पानं लिहिता येतं आणि तरी काहीच सिद्ध होत नाही. मुलाखतीत एका बाईंनी तिला विचारलं की तुझ्या घरात मजुरी खात्यावर येऊ लागल्यापासून काय बदललं. ती म्हणाली, आईचं एटीएम कार्ड वडिलांच्या खिशात असतं. प्रश्न तिथे होता. दुसऱ्या खर्ड्यात विषय असा झाला: मजुरी रोखीऐवजी बँक खात्यात जमा होऊ लागल्यावर ती खर्च करण्याचा निर्णय विडी कामगार स्त्रियांकडे येतो का? या प्रश्नाला ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘अमुक परिस्थितीत हो’ असं उत्तर येऊ शकतं, आणि ते चुकीचं ठरण्याचीही शक्यता असते. थीसिसला हे लागतं.

आता थीसिस आणि डिझर्टेशन. भारतात आज साधारण असं आहे की पीएच.डी.साठी लिहितात तो थीसिस आणि त्याखालच्या पदवीसाठी लिहितात ते डिझर्टेशन. पूर्वी एम.फिल.साठी डिझर्टेशन असे, मराठीत त्याला लघुशोधप्रबंध किंवा प्रबंधिका म्हणत. २०२२च्या नियमावलीनं एम.फिल. बंद केली. पण त्याच सुमारास नवीन शैक्षणिक धोरणामुळे डिझर्टेशन पदवीच्या पातळीवर आलं. चार वर्षांच्या पदवीत पहिल्या सहा सत्रांना ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण असतील, तर चौथ्या वर्षी संशोधनाची वाट घेता येते आणि तिथे बारा श्रेयांकांचं संशोधन किंवा डिझर्टेशन करावं लागतं. त्यामुळे एकाच विद्यापीठाच्या दोन माहितीपत्रकांत हा शब्द वेगवेगळ्या वजनाच्या कामासाठी दिसू शकतो.

जाडी हा या दोहोंतला खरा फरक नाही, अपेक्षा वेगळी असते. डिझर्टेशन वाचणारा परीक्षक पाहतो की या विद्यार्थ्याला संशोधन करता येतं का: प्रश्न मांडता आला का, आधीचं लेखन वाचलं का, माहिती नीट गोळा केली का. उत्तर आधी कुणाला ठाऊक असलं तरी चालतं. आमच्या मुलीनं एम.ए.ला एका वस्तीतल्या चाळीस बायकांशी बोलून, आधी कुणीतरी वापरलेली प्रश्नावली घेऊन पन्नास-साठ पानं लिहिली असती, तर ते चांगलं डिझर्टेशन झालं असतं. थीसिस वाचणारा परीक्षक विचारतो, हा प्रबंध लिहिला जाण्यापूर्वी आपल्याला जे माहीत नव्हतं, ते आता काय कळलं? सामाजिक शास्त्रांत प्रबंध दोन-तीनशे पानांचा होतो खरा, पण ही पानं त्या एका वाक्यातलं उत्तर भक्कम करण्यासाठी असतात. आधी कुणी काय म्हटलं, मी काय केलं, काय सापडलं, त्याचा अर्थ काय आणि कुठवर, असा त्याचा सांगाडा असतो.

परदेशी जायचं असेल तर इथे एक खबरदारी घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये आपल्यासारखंच आहे: एक वर्षाच्या एम.ए., एम.एस्सी.च्या शेवटी डिझर्टेशन, डॉक्टरेटला थीसिस. अमेरिकेत नेमकं उलट. तिथे मास्टर्सला थीसिस असतो आणि पीएच.डी.ला डिझर्टेशन. अमेरिकी विद्यापीठाच्या मास्टर्सच्या पत्रकात ‘थीसिसचा पर्याय’ आणि ‘थीसिसविना पर्याय’ असे दोन रस्ते दिसले, तर घाबरून दुसरा धरू नये. तो थीसिस पीएच.डी.चा नाही, आणि पुढे संशोधनात जायचं असेल तर पहिलाच रस्ता उपयोगी पडतो.

प्रवेश झाल्यावर आणि लिहायला बसण्यापूर्वी किमान बारा श्रेयांकांचा कोर्सवर्क असतो. त्यात संशोधनपद्धती असते आणि संशोधन-प्रकाशनातल्या सचोटीचा पेपरही असतो. त्यानंतर दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. फेरनोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे सगळी मिळून दहापर्यंत. शिवाय प्रसूती आणि बालसंगोपनासाठी स्त्रियांना या काळात एकदा २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. नोकरी, लग्न आणि संशोधन एकाच वेळी पेलणाऱ्या मुलींनी ही दोन कलमं माहितीपत्रकात शोधून खूण करून ठेवावीत, असं मी आग्रहानं सांगेन. ती ठाऊक नसल्यामुळे मुली कामाच्या मधोमध संशोधन सोडून देतात.

प्रबंधाचा मसुदा तयार झाला की येतो ॲबस्ट्रॅक्ट, आपला गोषवारा. इथे घोटाळा असा होतो की काही विद्यापीठं प्रबंधाआधी मागवलेल्या सविस्तर सारांशालाही सिनॉप्सिसच म्हणतात. म्हणजे एकाच नावाचे दोन कागद: प्रवेशाच्या वेळचा सिनॉप्सिस काय करणार ते सांगतो आणि शेवटचा सिनॉप्सिस काय केलं ते. ॲबस्ट्रॅक्ट या दोहोंहून लहान, बहुतेक ठिकाणी दोन-तीनशे शब्दांचा. नियमात पानं सांगितली आहेत की शब्द, ते बघून घ्यावं.

ॲबस्ट्रॅक्टला सर्वांत जास्त वाचक लाभतात. परीक्षक होण्याची विनंती एखाद्या तज्ज्ञाला गेली की प्रबंध आपल्या क्षेत्रातला आहे का हे तो त्यावरून ठरवतो. उद्या कुणी संशोधक विडी कामगारांवरचं काम शोधू लागला, तर आख्खा प्रबंध उघडावा की पुढे जावं हेही त्यावरूनच ठरवेल. आणि तरीही मराठीत बहुसंख्य गोषवारे असे लिहिलेले असतात:

‘भारतात विडी उद्योग हा अत्यंत जुना उद्योग असून त्यात स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय आहे. प्रस्तुत प्रबंधात विडी कामगार स्त्रियांच्या विविध समस्यांवर प्रकाश टाकण्यात आला आहे. प्राथमिक व दुय्यम सामग्रीचा वापर करण्यात आला असून शेवटी निष्कर्ष व शिफारशी दिल्या आहेत.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. निष्कर्ष दिले आहेत म्हणे. मग ते काय आहेत? आता त्याच मुलीचा दुसरा खर्डा पाहा. यातले आकडे आणि निष्कर्ष उदाहरणापुरते कल्पिलेले आहेत:

‘सोलापूर शहरातील विडी कामगार स्त्रियांची मजुरी रोखीऐवजी बँक खात्यात जमा होऊ लागल्यावर ती खर्च करण्याचा निर्णय त्यांच्याकडे येतो का, हे या प्रबंधात तपासले आहे. तीन वस्त्यांतील २४० स्त्रियांकडून भरून घेतलेली प्रश्नावली आणि त्यांपैकी ३० जणींच्या दीर्घ मुलाखती यांवर तो आधारलेला आहे. एटीएम कार्ड स्वतःजवळ असलेल्या स्त्रिया खर्चाचे निर्णय पूर्वीपेक्षा अधिक वेळा स्वतः घेतात. कार्ड नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असलेल्या घरांत असा बदल आढळला नाही. यावरून खाते कुणाच्या नावावर आहे यापेक्षा ते कुणाच्या हाती आहे हे महत्त्वाचे ठरते. अभ्यास एका शहरातील घरी काम करणाऱ्या स्त्रियांपुरता मर्यादित आहे.’

प्रश्न, पद्धत, सापडलेली गोष्ट, तिचा अर्थ आणि मर्यादा हे सगळं सहा वाक्यांत आलं. आपला गोषवारा जमला की नाही हे ओळखायची एक खूण सांगते. त्यातला विडी हा शब्द काढून तिथे यंत्रमाग घातला आणि तरी तो तसाच लागू पडत असेल, तर तो लिहूनच झालेला नाही. पहिला खर्डा या कसोटीवर लगेच पडतो. दुसऱ्यात वस्ती, घरकाम, कार्ड अशा गोष्टी आहेत. त्या दुसऱ्या धंद्याला जशाच्या तशा चिकटत नाहीत.

प्रबंध दाखल करण्याआधी सल्लागार समितीपुढे एक सादरीकरण होतं, तेच प्री-सबमिशन. विभागातले प्राध्यापक आणि इतर संशोधक विद्यार्थीही तिथे येऊन बसू शकतात. चुका सापडायला ही जागा सर्वांत चांगली, कारण इथे सापडलेली चूक दुरुस्त करायला वेळ असतो. त्याच सुमारास वाङ्मयचौर्याची तपासणी होते. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत साम्य क्षम्य आहे. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यावं लागतं, साठपर्यंत गेलं तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि साठच्या वर नोंदणीच रद्द होते. स्रोत सांगून दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळतात. म्हणून दुसऱ्याचं वाक्य घ्यायचं तर अवतरणचिन्हांत, नाव सांगून घ्यावं. शब्द इकडचे तिकडे फिरवून ते आपलं केल्याचा आव आणू नये. टक्केवारीत ते सुटलं तरी परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

प्रबंध दाखल झाला की तो मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. ते त्या विद्यापीठाच्या नोकरीत नसतात. शक्य असेल तिथे एक परदेशातला असावा असं नियम सांगतो. दोघांनी स्वीकारावा असं लिहिलं तर व्हायव्हा होते. एकानं नाकारला तर प्रबंध तिसऱ्याकडे जातो. त्यानं होकार दिला तरच व्हायव्हा. त्यानंही नाकारला तर पदवी मिळत नाही. दाखल केल्यापासून हे सगळं सहा महिन्यांत उरकावं असा नियम आहे.

व्हायव्हा, म्हणजे मौखिक परीक्षा, या शब्दाची भीती सर्वांत जास्त. पण वरचा क्रम लक्षात घेतला तर दिसेल की व्हायव्हाला बोलावलं याचा अर्थ प्रबंध वाचून तो स्वीकारण्याजोगा आहे असं दोन तज्ज्ञांनी आधीच लिहून दिलं आहे. समोर मार्गदर्शक आणि किमान एक बाहेरचा परीक्षक असतो. हल्ली ती ऑनलाइनही होते. विभागातले लोक आणि विद्यार्थी ऐकायला येऊ शकतात. परीक्षकाला दोन गोष्टींची खात्री करायची असते: हे काम हिनंच केलं आहे ना, आणि यातल्या कच्च्या जागा हिला ठाऊक आहेत का. ब्रिटनमध्ये हीच परीक्षा बंद खोलीत, बहुतेकदा दोन परीक्षकांपुढे होते आणि दोन-तीन तासही चालते. अमेरिकेत तिला डिफेन्स म्हणतात आणि तिथली समिती विद्यार्थ्याला वर्षानुवर्षं ओळखत असते.

आमच्या मुलीला कोणते प्रश्न येतील? पहिला हमखास: या २४० बायका निवडल्या कशा? कामगार संघटनेच्या यादीतून घेतल्या असतील, तर संघटनेत नसलेल्या बायका सुटल्या. संघटनेत येणारी बाई मुळातच घराबाहेर पडणारी, बोलणारी असू शकते. मग सापडलेला फरक कितपत धरायचा? दुसरा प्रश्न स्थानिक परीक्षक विचारेलच: सोलापूरच्या विडी कामगारांत तेलुगू बोलणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. मुलाखती कोणत्या भाषेत झाल्या, मराठीत कुणी आणल्या आणि तसं करताना एखादी बाई जे म्हणाली ते तसंच राहिलं का? शेजारच्या मुलाकडून भाषांतर करून घेतलं असेल तर नवऱ्याविषयी ती बाई मोकळेपणानं बोलली असेल का?

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण, आणि चांगला परीक्षक तो टाळत नाही. तू म्हणतेस की कार्ड जवळ असल्यामुळे बाईचा शब्द घरात चालू लागला. कशावरून? जिचा शब्द आधीपासून चालत होता, तिनंच कार्ड स्वतःजवळ ठेवलं असेल, असं का नाही? कारण आणि परिणाम यांची दिशा उलटी असू शकते. एका वेळी घेतलेल्या प्रश्नावलीतून याचा निकाल लागत नाही. इथे ‘माझ्या आकडेवारीवरून सिद्ध होतं’ असा हट्ट धरणारा विद्यार्थी अडकतो. आमच्या मुलीनं तीस दीर्घ मुलाखतींत खात्याच्या आधीच्या दिवसांविषयी विचारलं असेल, तर ती सांगू शकते: यांपैकी ज्या घरांत पूर्वी नवराच मजुरी घ्यायचा आणि नंतर कार्ड बाईकडे आलं, तिथे काय झालं ते चौथ्या प्रकरणात आहे. त्यावरून माझ्या म्हणण्याला बळ मिळतं, पण संख्या लहान आहे आणि खात्रीनं सांगायचं तर याच स्त्रियांकडे काही वर्षांनी पुन्हा जावं लागेल. असं उत्तर ऐकल्यावर परीक्षकाला कळतं की काम हिचंच आहे. पाठ केलेल्या उत्तरात मर्यादेची अशी नेमकी जागा सांगता येत नाही.

तयारी म्हणून आपलाच प्रबंध परक्याचा असल्यासारखा वाचावा आणि दर प्रकरणाच्या शेवटी परीक्षक काय खोडून काढेल ते वहीत लिहावं. तक्त्यांच्या बेरजा पुन्हा करून पाहाव्यात. टक्के लिहिले असतील तर ते कितींपैकी हे तोंडावर हवं. व्हायव्हात सुचवलेल्या दुरुस्त्या करून झाल्या की प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत ‘शोधगंगा’वर जाते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं ते भांडार आहे आणि तिथे देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध कुणालाही फुकट वाचता येतात.

अर्जदारानं तिथे आजच जावं, प्रवेश मिळायची वाट पाहू नये. shodhganga.inflibnet.ac.in वर आपल्या विद्यापीठाचा आणि विभागाचा शोध घेतला की मार्गदर्शकांच्या नावांसह प्रबंध मिळतात. ज्या मार्गदर्शकाकडे अर्ज करायचा आहे त्यांच्या हाताखाली झालेले दोन-तीन प्रबंध काढावेत. गोषवारा, पहिलं प्रकरण आणि शेवटचं प्रकरण वाचावं. मधली पानं नंतर. प्रश्न कुठे मांडला आहे, उत्तर कोणत्या पानावर सापडतं आणि प्रबंध मराठीत आहे की इंग्रजीत, एवढं टिपून घ्यावं. आणि मग आपला संशोधन आराखडा लिहायला बसावं.